सहा-सहा दिसतं, मग डोळ्याचा पडदा कशाला तपासायचा?

एसटीचे एक चालक आमच्या दवाखान्यात आले होते ते बायकोचा चष्मा न्यायला. वय ४९. चष्मा हातात घेता घेता वहिनी म्हणाल्या, "मॅडम, यांना आठ वर्षांची शुगर आहे. यांचे पण डोळे बघा की एकदा." त्यांना ते काही पटलं नाही. "मला काय झालंय? रात्रीची गाडी काढतो मी. समोरच्या गाडीची पाटी लांबून वाचतो." वर त्यांनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढून दाखवला. कुठल्याशा मोफत शिबिरात मिळालेला. त्यावर लिहिलं होतं, 'दृष्टी ६/६, दोन्ही डोळे नॉर्मल.'

डोळ्यात थेंब घालण्यापासून पडद्याचे फोटो काढण्यापर्यंतची कामं मी रोज करते. मी त्यांना तक्त्यासमोर बसवलं. एकेक डोळा झाकून त्यांनी शेवटची ओळ न अडखळता वाचली. कागदावरचं सहा-सहा अगदी खरं होतं. मग थेंब घातले, वीसेक मिनिटांनी बाहुल्या मोठ्या झाल्यावर फोटो काढले. निरोगी पडदा नारिंगी-लालसर दिसतो आणि त्यात पिवळसर चकतीतून रक्तवाहिन्या फांद्यांसारख्या पसरलेल्या असतात. यांच्या पडद्यावर चारही बाजूंना लाल ठिपके आणि डाग विखुरलेले होते. दोन शिरा माळेतल्या मण्यांसारख्या मध्ये मध्ये फुगल्या होत्या. उजव्या डोळ्यात त्या पिवळ्या चकतीवर कोळिष्टकासारखं बारीक जाळं उगवलं होतं. डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि त्याच दिवशी लेझरचं ठरवलं.

सहा-सहा वाचणारा डोळा इतका बिघडलेला कसा असू शकतो, हे त्यांना समजावून सांगताना जे बोलले तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १०.१ कोटी आहे. सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. म्हणजे हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात नाहीतर शेजारी हा प्रश्न आहेच.

पडद्यात नेमकं काय बिघडतं

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला प्रकाश टिपणारा एक पातळ थर असतो. त्यालाच आपण पडदा म्हणतो. मधुमेहामुळे त्यातल्या रक्तवाहिन्या बिघडतात, त्या आजाराला रेटिनोपॅथी म्हणतात. लेखात अवघड शब्द एवढा एकच लागेल.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हा आजार पटकन कळतो. मुख्य पाइप ठीक असतो, पण टोकाच्या बारीक नळ्यांमध्ये क्षार साचतात. काही तोंडं बुजतात, कुठे नळीच कमकुवत होऊन पाणी झिरपतं. पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं तसंच होतं. या नळ्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या खास पेशी असतात. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की त्या पेशी मरायला लागतात. आधार गेलेली नळी तिथे बारीक फुग्यासारखी फुगते. फोटोत पहिल्यांदा दिसतात ते हेच लाल ठिपके. त्यातून पुढे रक्त आणि चरबीयुक्त द्रव झिरपतो, काही नळ्या कायमच्या बंद पडतात.

पाणी न पोचलेला पडद्याचा भाग मात्र गप्प बसत नाही. 'इकडे रक्त पाठवा' असा रासायनिक संदेश तो सोडतो आणि त्याला उत्तर म्हणून नव्या रक्तवाहिन्या फुटतात. ऐकायला बरं वाटतं, पण त्या भलत्याच ठिकाणी उगवतात, पडद्याच्या पृष्ठभागावर. शिवाय त्यांच्या भिंती कच्च्या असतात. डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ भरलेला असतो. त्याच्या आधाराने त्या वाढतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. तेव्हा माणूस म्हणतो, "सकाळी उठलो आणि डोळ्यासमोर काळ्या शाईचे धागे तरंगायला लागले." चालकांच्या उजव्या डोळ्यातलं कोळिष्टक म्हणजे अशाच, अजून न फुटलेल्या रक्तवाहिन्या होत्या.

एवढं होईपर्यंत कळत कसं नाही?

पहिलं कारण साधं आहे. पडद्याला दुखण्याची जाणीवच नसते. डोळ्यात कचरा गेला तर आपण कळवळतो, कारण डोळ्याच्या समोरच्या काचेसारख्या भागात वेदनेच्या नसा दाट असतात. पडद्यात त्या नाहीत. तिथे रक्त सांडलं तरी डोळा लाल होत नाही, ठणकत नाही की पाणी येत नाही.

दुसरं कारण तक्त्याशी संबंधित आहे, आणि लोकांची फसगत होते ती इथेच. अक्षरं वाचायला आपण सगळा पडदा वापरत नाही. बारीक नजरेचं काम पडद्याच्या मधोमध असलेला जेमतेम दीड मिलिमीटरचा खोलगट भाग करतो. सहा मीटरवरून ६/६ च्या ओळीतलं एक अक्षर वाचताना त्याची प्रतिमा पडद्यावर मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाएवढी पडते. मोठ्या शेताच्या मधल्या एका रोपाकडे बघून सगळं पीक जोमात आहे म्हणावं, तसा हा प्रकार आहे. रेटिनोपॅथीचे सुरुवातीचे फुगे, डाग, बंद पडलेल्या नळ्या बहुतेक वेळा त्या मधल्या भागाच्या आजूबाजूला असतात. मधला भाग शाबूत आहे तोवर माणूस शेवटची ओळ वाचणारच.

कडेचा भाग गेला तर निदान तिथे काळा डाग तरी दिसायला हवा, असं कुणालाही वाटेल. तिसरं कारण त्यासाठीच आहे, आणि ते तुम्ही आत्ता करून पाहू शकता. कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा. तिच्या उजवीकडे, त्याच रेषेत, आठ सेंटिमीटरवर एक सेंटिमीटरचा काळा गोल रंगवा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण तीस सेंटिमीटरवर गोल नाहीसा होतो. त्याच्या जागी भोक दिसत नाही, नुसता पांढरा कागद दिसतो. पडद्यावर जिथून नस बाहेर पडते तिथे कुणालाच दिसत नाही. जन्मापासून आपल्या प्रत्येक डोळ्यात ही आंधळी जागा आहे, पण मेंदू आजूबाजूचं बघून ती भरून काढतो. त्यातून दोन डोळे उघडे असले की एकाची उणीव दुसरा झाकतो. एका डोळ्याने जवळजवळ दिसेनासं झालंय हे दुसरा डोळा सहज झाकला गेला तेव्हा कळलं, असं सांगणारे लोक मला दर महिन्याला भेटतात.

नंबर बदलतोय, म्हणजे तेच ना?

नाही. हा गोंधळ फार मोठा आहे म्हणून थोडक्यात सांगते. रक्तातली साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग पाणी शोषतं किंवा सोडतं, त्यामुळे चष्म्याचा नंबर काही दिवस बदलतो. साखर स्थिरावली की तो बहुधा जागेवर येतो. हा भिंगाचा प्रकार आहे, पडद्याचा नाही. नवा चष्मा लावून स्वच्छ दिसलं की माणूस निर्धास्त होतो, आणि पडद्याकडे बघायचं राहून जातं. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर नंबर निघतो, पडदा दिसत नाही. म्हणून तपासणीच्या कागदावर पडद्याविषयी काही लिहिलंय का ते शोधा. थेंब घालून पडदा पाहिला, किंवा पडद्याचा फोटो काढला, अशी नोंद नसेल तर मधुमेहासाठीची डोळ्यांची तपासणी झालेलीच नाही. चालकांच्या शिबिराच्या कागदावर 'नॉर्मल' लिहिलं होतं, पण ते फक्त तक्त्यापुरतं.

मग किती दिवसांनी तपासायचं?

गॅसवर दूध ठेवलं की पहिली काही मिनिटं आपण दुसरं काम करू शकतो. कडेला बुडबुडे दिसले की ओट्याजवळ थांबतो. साय फुगून वर यायला लागली की नजर हटवत नाही. पडद्याच्या तपासणीमधलं अंतर याच हिशेबाने ठरतं. आजार सुरुवातीला फार सावकाश सरकतो आणि पुढच्या टप्प्यांत भराभर. तेव्हा वेळापत्रक पडद्यावर आज काय दिसतंय त्यावर ठरतं, मधुमेहाला किती वर्षं झाली एवढ्यावर नाही.

पहिली तपासणी कधी करायची, ते मधुमेहाच्या प्रकारावर आहे. मोठ्या वयात होणाऱ्या, म्हणजे टाइप २ मधुमेहात निदान झालं की लगेच पडदा तपासायचा. हा मधुमेह कळण्याआधी बरीच वर्षं अंगात लपलेला असू शकतो. ब्रिटनमध्ये नव्याने टाइप २ चं निदान झालेल्या लोकांचा एक मोठा अभ्यास झाला होता. त्यात दर तिघांतल्या एकापेक्षा जास्त जणांच्या पडद्यावर निदानाच्या वेळीच खुणा होत्या. लहान वयात इन्सुलिन लागणाऱ्या टाइप १ मध्ये सुरुवात बहुधा अचानक आणि ठळक असते, म्हणून तिथे पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी पुरते.

पडदा स्वच्छ निघाला, किंवा थोडेसेच फुगे दिसले, तर वर्षाने पुन्हा. ठिपके वाढून मध्यम टप्पा आला की तीन ते सहा महिन्यांनी. चारही बाजूंना रक्ताचे डाग आणि मणी झालेल्या शिरा, हा तीव्र टप्पा. तिथे तीन महिन्यांच्या आत पुन्हा बघतात, कारण उपचार झाले नाहीत तर अशा डोळ्यांपैकी जवळपास निम्म्यांत वर्षभरात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. चालकांचा डावा डोळा या टप्प्यावर होता, उजवा तो ओलांडून गेला होता. मधल्या बारीक नजरेच्या भागाला सूज आली असेल तर टप्पा कोणताही असो, वाट बघायची नसते, पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचं.

गरोदरपणाचं वेळापत्रक वेगळं आहे. आधीपासून मधुमेह असलेल्या स्त्रीचा पडदा गरोदरपणात झपाट्याने बिघडू शकतो. म्हणून शक्य असेल तर दिवस जाण्याआधी, नाहीतर पहिल्या तीन महिन्यांत तपासणी करायची आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर तीन महिन्यांनी. फक्त गरोदरपणातच वाढलेल्या साखरेला हा नियम लागू नाही.

इंग्लंडमध्ये दोन वर्षांनी बघतात म्हणे

खरं आहे. ज्यांचे सलग दोन फोटो स्वच्छ आले अशांना तिथे २०२३ पासून दोन वर्षांनी बोलावायला सुरुवात झाली. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ च्या रुग्णांचा तीस वर्षांहून जास्त काळ पाठपुरावा झाला आणि त्यावरून २०१७ मध्ये एक हिशेब मांडला गेला. पडदा स्वच्छ असेल तर चार वर्षांनी, सौम्य खुणा असतील तर तीन वर्षांनी, मध्यम टप्प्यात सहा महिन्यांनी, तीव्र टप्प्यात तीन महिन्यांनी. दोन तपासण्यांच्या मध्ये गंभीर अवस्था गाठण्याचा धोका सुमारे पाच टक्क्यांच्या आसपास राहावा, अशी त्यामागची रीत होती. त्याच अभ्यासात साखरेचा फरकही दिसला. पडदा स्वच्छ असलेल्यांत तीन महिन्यांची सरासरी साखर ६ टक्के असेल तर पाच वर्षांत १ टक्का लोक गंभीर अवस्थेला पोचत. सरासरी १० टक्के असेल तर तीनच वर्षांत ४.३ टक्के.

तरीही आपल्याकडे मी वर्षाचाच आग्रह धरते, आणि त्याला कारण आहे. ते लोक टाइप १ चे होते. मधुमेह कधी सुरू झाला हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांच्यावर सतत लक्ष होतं. इंग्लंडमध्ये बोलावणं घरी येतं आणि जुना फोटो यंत्रणेकडे जपलेला असतो. तिथे २००३ पासून असे फोटो काढण्याची देशव्यापी व्यवस्था उभी राहिली. कमावत्या वयात नजर जाण्याचं पहिल्या क्रमांकाचं कारण निदान पाच दशकं रेटिनोपॅथी होती. २००९-१० पर्यंत ती त्या जागेवरून खाली आली. आपल्याकडे मागचा फोटो कुठल्या पिशवीत आहे हे घरातही कुणाला माहीत नसतं. दोन वर्षं म्हटलं की त्याची चार होतात. ज्यांची साखर बरीच वर्षं आटोक्यात आहे आणि एकाहून जास्त तपासण्या स्वच्छ आल्या आहेत, त्यांना डॉक्टरांनी दीड-दोन वर्षांचं अंतर दिलं तर ते बरोबरच आहे. आपलं आपण मात्र ते वाढवू नये.

शुगर कंट्रोलमध्ये आहे, आता काय होणार?

साखर आटोक्यात ठेवण्याचा पडद्याला फायदा होतो यात शंका नाही. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासाच्या पहिल्या भागाचा निकाल १९९३ मध्ये आला. कडक नियंत्रणाने रेटिनोपॅथी सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. पण आज आलेल्या चांगल्या रिपोर्टमध्ये मागची दहा वर्षं दिसत नाहीत. पडद्याने ती भोगलेली असतात.

यात एक गोष्ट अशी आहे जी ऐकून लोक चकित होतात. बराच काळ जास्त असलेली साखर झपाट्याने खाली आणली तर पडदा पहिल्या सहा ते बारा महिन्यांत तात्पुरता आणखी बिघडू शकतो. पुढे नियंत्रणाचा फायदा वरचढ ठरतो, पण मधला काळ जपायचा असतो. वजन आणि साखर कमी करणाऱ्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांची सध्या जोरात चर्चा आहे. त्यातल्या सेमाग्लुटाइडच्या २०१६ मधल्या चाचणीत पडद्याच्या गंभीर तक्रारी औषध घेणाऱ्यांत ३ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के आढळल्या. त्या मुख्यतः आधीच पडदा बिघडलेल्यांत होत्या, आणि साखर वेगाने उतरणं हेच त्यामागचं कारण असावं असं अनेक तज्ज्ञ मानतात. याचा अर्थ औषध टाळा असा नाही. इन्सुलिन किंवा असं इंजेक्शन सुरू करण्याआधी पडदा बघून घ्या, आणि खुणा असतील तर पुढचं वर्षभर जरा लवकर लवकर बघा.

थेंब, लेझर आणि रात्रीची गाडी

थेंबांमुळे जवळचं धूसर दिसतं आणि उजेड डोळ्यांवर येतो. हा परिणाम चार-सहा तास राहतो. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, काळा चष्मा आणि सोबत कुणीतरी असावं. पुष्कळ ठिकाणी आता थेंब न घालताही फोटो निघतो. पण मोतीबिंदूमुळे किंवा बाहुली लहान असल्यामुळे फोटो धूसर आला तर तो 'ठीक' समजायचा नाही, थेंब घालून पुन्हा बघायचं.

चालकांची खरी भीती लेझरची होती. "लेझरने नजर जाते म्हणतात." मी त्यांना जे आहे तेच सांगितलं. नव्या रक्तवाहिन्यांसाठीच्या लेझरमध्ये पडद्याच्या कडेच्या भागावर हजाराहून जास्त बारीक चटके दोन-तीन बैठकांत देतात. पाणी न पोचलेला तो भाग संदेश सोडायचा थांबतो आणि नव्या रक्तवाहिन्या सुकतात. १९७० च्या दशकातल्या अमेरिकी चाचणीत याने नजर गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून कमी झाला. याची किंमतही मोजावी लागते. कडेची आणि अंधारातली नजर काहीशी कमी होऊ शकते. लेझर मुख्यतः आहे ती नजर राखण्यासाठी असतं, गेलेली आणण्यासाठी नाही. सहा-सहा असतानाच ते व्हावं लागतं ते म्हणूनच. काही डोळ्यांत तो रासायनिक संदेश अडवणारं इंजेक्शन देतात, पण त्याला पुन्हा पुन्हा यावं लागतं आणि मधेच सोडून दिलं तर अंगाशी येतं.

ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "आठ वर्षांपूर्वी दाखवलं असतं तर?" आठ वर्षांत वर्षाला एक अशा आठ संधी मिळाल्या असत्या आणि रात्रीची नजर पणाला न लावता बहुधा भागलं असतं. मी हे त्यांना सांगितलं. सांगताना मला फार वाईट वाटलं.

दोन्ही डोळ्यांचं लेझर झालं. सहा आठवड्यांनी आले तेव्हा उजव्या डोळ्यातलं जाळं बरंच विरलं होतं, तक्त्यावर दोन्ही डोळे सहा-सहा होते. रात्री समोरच्या दिव्यांचा आता त्रास होतो म्हणाले, आणि दिवसाची ड्यूटी मागून घेतली होती. या वेळी धाकट्या भावाला घेऊन आले होते. त्याची शुगर कळून तीन आठवडे झाले होते आणि त्याला सगळं स्वच्छ दिसत होतं. मी थेंब घातले. फोटोत डाव्या पडद्यावर, मधल्या भागापासून दूर, दोन लाल ठिपके निघाले. नंबर नाही, औषध नाही. फोटोची एक प्रत हातात दिली आणि कागदावर पुढच्या वर्षीची तारीख घातली. मोठ्या भावाने ती आपल्या मोबाइलमध्ये टाकून घेतली.